धडधड होते म्हणजे टेन्शनच? आधी कधी होते ते सांगा

गेले काही दिवस हा मेसेज तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला:

"छातीत धडधड, घाम, हात थरथरणं, जीव घाबरा होणं हे सगळं टेन्शनचं असतं, उगाच डॉक्टरकडे पळू नका. १) थायरॉईड असता तर गळा सुजला असता आणि वजन वाढलं असतं. २) बायकांचं हिमोग्लोबिन ९-१० असतंच, त्याने काही होत नाही. ३) घाबरल्यासारखं झालं की चमचाभर साखर खा, बरं वाटलं तर शुगर लो होती असं समजा. ४) तरी शंका असेल तर एकदा फुल बॉडी चेकअपचं पॅकेज करा, नॉर्मल आलं की विषय संपला, सगळं मनाचंच आहे."

मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करते, १७ वर्षं झाली. या मेसेजमुळे महिन्याभरात दोन पेशंट उशिरा आले, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय. थोडं लांबेल, पण वाचा.

आधी एक गोष्ट. धडधड, घाम, थरथर, पोटात खड्डा पडल्यासारखं होणं, हे सगळं शेवटी अॅड्रिनलिनचं काम आहे. समोर साप दिसला तरी तेच सुटतं, रक्तातली साखर खाली गेली तरी तेच सुटतं, आणि थायरॉईडचं हॉर्मोन जास्त झालं की हृदय त्याच अॅड्रिनलिनला नेहमीपेक्षा जास्त जोरात उत्तर द्यायला लागतं. रक्त कमी असलं की तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. म्हणजे आतलं कारण वेगवेगळं असलं तरी बाहेर जाणवतं ते एकच, आणि म्हणूनच नुसतं "काय होतंय" ऐकून मलाही कळत नाही की हे मनाचं आहे की शरीराचं. मला कळतं ते "कधी होतंय" यावरून, म्हणून पेशंट बसला की माझा पहिला प्रश्न तोच असतो.

पहिला मुद्दा, थायरॉईडचा

थायरॉईड म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं, वजन वाढलेली, थकलेली, केस गळणारी बाई. ते चित्र हॉर्मोन कमी पडल्याचं आहे. पण हॉर्मोन जास्त झालं तर सगळं उलटं होतं, वजन उतरतं, भूक वाढते, उकडतं, दिवसातून तीन-चारदा संडासला जावं लागतं, पाळीला कमी जातं, आणि धडधड आणि थरथर तर असतेच. हे लोकांना माहीतच नसतं, त्यामुळे त्या बाईला कुणी थायरॉईडची टेस्ट कर असं म्हणतच नाही, सगळे म्हणतात शांत हो.

माझ्याच घरातलं सांगते. धाकटी जाऊ, पहिलं बाळंतपण, तीन महिने माहेरी राहून जानेवारीत बाळाला घेऊन परत आली. आल्यावर सगळ्यांनी तिचं कौतुक केलं की डिंकाचे लाडू खाऊनसुद्धा किती बारीक झालीस. पण दोन दिवसांतच लक्षात आलं की ही रात्री झोपत नाही, बाळ झोपलं तरी ही जागी, सारखी म्हणायची "ताई, काहीतरी वाईट होणारे असं वाटतंय मला". आंघोळ घालताना बाळ हातातून सटकेल म्हणून घाबरायची. सासूबाईंनी दृष्ट काढली, दिराने रजा टाकली, तिच्या आईने फोनवर सांगितलं की पहिल्या बाळंतपणात होतं असं. माहेरी एका डॉक्टरांना दाखवलं होतं, त्यांनी टेन्शन म्हणून झोपेची गोळी लिहून दिली होती, ती तिने बाळाला दूध पाजते म्हणून घेतली नव्हती. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मलाही तेच वाटलं, बाळंतपणानंतर मन हळवं होतंच.

तिसऱ्या रात्री बाळ रडलं म्हणून मी उठून त्यांच्या खोलीत गेले. ती थकून गाढ झोपली होती, जानेवारीची थंडी आणि पंखा चालू, गोधडी पायाशी. बाळाला उचलताना तिचा हात लागला तो गरम आणि ओलसर. घाबरलेल्या माणसाचा तळहात ओला असतो पण बहुतेकदा गार असतो. मी तिथेच बसून मनगटावर नाडी मोजली, पूर्ण एक मिनिट, ११२ भरली. गाढ झोपेत ११२! टेन्शनने नाडी वाढते हे खरं, पण झोप लागली की ती खाली येते, बऱ्याच जणांची साठ-सत्तरवर येते. झोपेतही जी नाडी शंभरच्या वर राहते तिला शरीरातलं कारण शोधावंच लागतं.

सकाळी तिला दोन्ही हात पुढे करून बोटं पसरायला लावली आणि वर वहीचा एक कागद ठेवला, कागदाची कड बारीक बारीक थरथरत होती. गळा बघितला, गाठ नाही, सूज नाही. वजन तीन महिन्यांत ९ किलो उतरलं होतं, सगळे कौतुक करत होते ते हेच. रक्त पाठवलं. टीएसएच ०.०१ च्या खाली आला, साधारण ०.४ ते ४ च्या मधे असायला हवा, आणि फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉईडचं हॉर्मोन, २.९, त्या लॅबची वरची मर्यादा १.७ होती.

इथे एक समजून घ्या, कारण रिपोर्ट हातात आल्यावर इथेच बहुतेकांची गडबड होते. टीएसएच हे थायरॉईडचं हॉर्मोन नाहीच, तो मेंदूखालच्या ग्रंथीने थायरॉईडला दिलेला हुकूम आहे. हॉर्मोन जास्त झालं की हुकूम बंद होतो, म्हणून टीएसएच खाली जातो, आणि हॉर्मोन कमी पडलं की तो वर जातो. टीएसएच कमी आला म्हणजे थायरॉईड कमी आहे असं समजून स्वतःच गोळी वाढवलेली माणसं मी पाहिलीत, आणि मग त्यांची धडधड दुप्पट झालेली पण पाहिलीय. आधीपासून थायरॉईडची गोळी चालू असलेल्या माणसाला नवीन घबराट सुरू झाली तर पहिली शंका डोस जास्त होतोय का हीच घ्यायची.

आता जावेचं पुढे. हॉर्मोन जास्त आहे एवढं कळलं, पण का जास्त आहे हे कळल्याशिवाय औषध ठरत नाही. एक प्रकार असा की ग्रंथी खरंच जास्त बनवतेय, त्याला ग्रेव्ह्ज म्हणतात, त्यात कार्बिमाझोलसारखी बनवणं थांबवणारी गोळी लागते. दुसरा प्रकार असा की ग्रंथीला सूज येऊन आधी साठवलेलं हॉर्मोन बाहेर सांडतंय, धान्याची कणगी फुटावी तसं. तिथे बनवणं थांबवून काही उपयोग नाही, कारण नवीन बनतच नाहीये. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात शंभरातल्या पाचेक जणींना ही दुसऱ्या प्रकारची सूज येते, ती दुखत नाही, बाहेरून फारशी दिसतही नाही. फरक करायला एक अँटीबॉडीची टेस्ट असते, ट्रॅब म्हणतात. स्कॅननेही कळतं पण त्यात किरणोत्सारी औषध टोचतात आणि ती अंगावर पाजत होती, म्हणून आम्ही ट्रॅब केली. निगेटिव्ह आली, म्हणजे दुसरा प्रकार. हॉर्मोनच्या डॉक्टरांना, एन्डोक्रिनोलॉजिस्टना दाखवलं, त्यांनी फक्त धडधड थांबवणारं प्रोप्रॅनोलॉल दिलं आणि सहा आठवड्यांनी रक्त परत करायला सांगितलं. (हे औषध दमा असलेल्यांनी घ्यायचं नसतं, म्हणून डोस मुद्दाम लिहीत नाहीये, कुणाचं बघून घेऊ नका.)

आठवड्यात तिची थरथर गेली, पुढे गोळीही बंद झाली, सगळे खूश. सहा आठवड्यांनी टीएसएच १८, म्हणजे बरोबर उलटं. साठा सांडून संपला होता आणि सुजलेली ग्रंथी नवीन बनवायच्या स्थितीत नव्हती. आता ती दिवसभर झोपाळलेली, बद्धकोष्ठ, उगाच डोळ्यांत पाणी, आणि घरात नवीन शब्द आला, डिप्रेशन. तीच बाई, तीच ग्रंथी, दोन महिन्यांच्या अंतराने आधी घबराट आणि मग उदासी. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडच्या हॉर्मोनचीच गोळी, चालू केलं. बऱ्याच जणींची ग्रंथी वर्षभरात पूर्वपदावर येते आणि गोळी हळूहळू बंद करता येते, काहींना कायम लागते, आणि पुढच्या बाळंतपणानंतर हे परत होऊ शकतं म्हणून ते फाईलवर लिहून ठेवायचं.

अजून एक, साठीच्या पुढच्या माणसात हे हॉर्मोन जास्त झालं तर थरथर-घाम दिसेलच असं नाही, नुसतं वजन उतरतं आणि नाडी अनियमित होते. नाडी मोजताना ठोके वेडेवाकडे पडताहेत असं वाटलं तर त्याच दिवशी ईसीजी काढा.

दुसरा मुद्दा, हिमोग्लोबिन

ही समजूत का पसरलीय ते मला कळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना अॅनिमिया निघाला. जे निम्म्याहून जास्त घरांत आहे ते लोकांना नॉर्मल वाटायला लागतं. पण सगळ्यांना असणं आणि नॉर्मल असणं यात फरक आहे. गरोदर नसलेल्या बाईला १२ च्या खाली, गरोदर असेल तर ११ च्या खाली आणि पुरुषाला १३ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे अॅनिमिया.

रक्त एकदम कमी होत नाही, महिन्यामहिन्याला पाळीत थोडं थोडं जातं आणि शरीर तेवढ्यात भागवायला शिकतं. बसून असताना काही कळत नाही. जातं ते राखीव बळ. मग जिना चढला, पाण्याची कळशी उचलली, बससाठी चार पावलं पळालं की हृदय एकदम जोरात वाजायला लागतं, आणि ती धडधड कानात ऐकू आली की माणूस घाबरतो, घाबरला की श्वास जोरात घेतो, जोरात श्वास घेतला की बोटांना मुंग्या येतात आणि डोकं हलकं होतं, म्हणजे सुरुवात रक्ताने झाली आणि शेवट खऱ्याखुऱ्या पॅनिक अटॅकने झाला. एक प्राथमिक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या, त्यांना म्हणे वर्गात जायचीच भीती बसली होती. विचारत गेले तर कळलं वर्ग दुसऱ्या मजल्यावर, आणि भीती जिन्याच्या वरच्या पायरीवर सुरू व्हायची, रविवारी कधीच नाही. घरच्यांनी काढलेला अर्थ असा की शाळेचं टेन्शन आहे. हिमोग्लोबिन ८.४ निघालं. पाळीला सहा-सात दिवस, पहिले दोन दिवस दर दोन तासाला पॅड, आणि हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं कारण कुणी विचारलंच नव्हतं.

इथे नुसत्या हिमोग्लोबिनवर थांबू नका, सीबीसी करा आणि त्यासोबत फेरिटिन. हिमोग्लोबिन म्हणजे खिशातले पैसे आणि फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक, बँक आधी रिकामी होते. फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोह संपलंय हे नक्की, ३० च्या खाली असलं तरी बहुतेक डॉक्टर कमीच धरतात. पण ताप, इन्फेक्शन, सांधेदुखीची सूज चालू असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून आजारपणात केलेलं फेरिटिन ठीक आलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

सीबीसीमध्ये एमसीव्ही असतो, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. लोह कमी असलं की पेशी लहान, बी-ट्वेल्व्ह कमी असलं की मोठी. आता शाकाहारी घरात, किंवा डायबिटिसची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असलेल्या माणसात दोन्ही कमी असू शकतं, मग काही पेशी लहान काही मोठ्या, आणि सरासरी मात्र बरोबर मध्ये, नॉर्मल! अशा वेळी आरडीडब्ल्यू नावाचा आकडा वाढलेला असतो, तो बघायचा. आणि पेशी लहान, पण लाल पेशींची संख्या भरपूर आणि फेरिटिन चांगलं असं दिसलं तर थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक दोषाची शंका घेऊन एचबी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचा प्रकार बघणारी टेस्ट करायची, कारण त्यात लोहाच्या गोळ्या वर्षभर घेतल्या तरी रक्त वाढणार नाही.

बीट-खजूर खा, चांगलंच आहे, पण ८.४ त्याने भरून निघत नाही. त्या बाईंना गोळ्याच दिल्या आणि चहा गोळीपासून किमान तासभर लांब ठेवायला सांगितला, शौच काळी होईल हे आधीच सांगितलं नाहीतर घाबरून बंद करतात. महिन्याभरात १० च्या पुढे गेलं, जिना चढताना थांबावं लागेना. पण रक्त १२ ला टेकलं म्हणून गोळी बंद करायची नाही, पुढे आणखी तीनेक महिने, कारण शिल्लक अजून भरायचीय. पाळीचं कारण शोधायला सोनोग्राफी करायला लावली. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं तर मात्र नुसत्या गोळ्या देणं चूक आहे, पोटात-आतड्यात कुठे रक्त जातंय का ते दुर्बिणीने बघावंच लागतं.

तिसरा मुद्दा, साखरेचा

चारांत मला हा सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण अर्धा बरोबर आहे.

पॅनिकचा झटका साधारण दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपोआप ओसरतो. खाल्लेली साखर रक्तात चढायलाही दहा-पंधरा मिनिटं लागतात. म्हणजे कारण काहीही असो, साखर खाऊन पंधरा मिनिटांनी बरं वाटणारच, आणि माणूस समजणार माझी शुगर लो होते. मग तो खिशात चॉकलेट ठेवतो, दर दोन तासांनी खातो, वजन वाढतं, आणि मूळ दुखणं तिथेच.

नुसतं बरं वाटणं पुरत नाही. तीन गोष्टी एकत्र लागतात, त्रास होणं, त्याच वेळी मोजलेली साखर कमी असणं, आणि साखर वर आल्यावर त्रास जाणं. मधली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तीच आपण गाळतो. म्हणून माझं सांगणं एवढंच, आधी बोट टोचा मग खा, अर्धं मिनिट लागतं. (डायबिटिस असेल आणि मशीन हाताशी नसेल तर मात्र थांबू नका, आधी खा.) डायबिटिस असलेल्यात ७० च्या खाली म्हणजे कमी. नसलेल्यात ५५ च्या खाली गेली तरच खरी कमी धरायची. घरचं मशीन थोडं पुढेमागे दाखवतं, त्यामुळे ६८ आलं म्हणून घाबरायचं नाही आणि ४८ आलं तर लॅबमधून खात्री करून घ्यायची.

दोन पेशंट सांगते. एक २४ वर्षांची मुलगी, डायबिटिस नाही, दुपारी चारला ऑफिसात थरथर व्हायची. तिला तीन वेळा झटक्याच्या वेळीच मोजायला लावलं, ८८, ९४, ९१. तिचा साखरेचा विषय तिथे संपला, आणि सकाळपासून उपाशीपोटी चार कप कॉफी चालू आहे हे त्याच वहीतून कळलं. दुसरे ५८ वर्षांचे काका, डायबिटिससाठी ग्लिमेपिराइड चालू, मुलीचं लग्न तोंडावर. संध्याकाळी पाच-सहाला चिडायचे, घामाघूम व्हायचे, हात कापायचे, घरचे म्हणायचे लग्नाचं टेन्शन. वही बघितली तर हे महिन्यातून एकदाच, आणि तो दिवस संकष्टीचा. उपवास, दिवसभर चहा आणि थोडे शेंगदाणे, पण गोळी मात्र नियमाने घेतलेली. पुढच्या संकष्टीला मोजायला लावलं, ५२ आली.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिन ही पोटात अन्न असो-नसो साखर खाली ओढतात. नुसतं मेटफॉर्मिन सहसा असं करत नाही. कमी आली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मोजायची, अजून ७० च्या खाली असेल तर परत तीन चमचे, आणि वर आली की पोळी-भात काहीतरी खायचं, कारण या गोळ्यांचा परिणाम लांबतो आणि तासाभराने साखर परत घसरू शकते. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, ठसका लागून श्वासनलिकेत जातं, सरळ दवाखान्यात न्या. उपवास सोडा असं मी काकांना म्हटलं नाही, त्या दिवसाचा गोळीचा डोस आधीच ठरवून दिला. आणि बीपीसाठी प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या चालू असतील तर साखर कमी झाल्याची थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो, म्हणून अशा माणसाला अचानक घाम फुटला तर मोजायचंच.

उलटही होतं, ज्यांची साखर महिनोन्महिने ३०० ला असते त्यांना ती १२० वर आणली की कमी झाल्यासारखंच वाटतं, शरीराला सवय झालेली असते. तिथे साखर खाणं म्हणजे चाललेल्या उपचारावर पाणी. बोट टोचल्याशिवाय हे कळायचा दुसरा मार्ग नाही.

चौथा, पॅकेजचा

सकाळी सातला उपाशीपोटी काढलेलं रक्त त्या काकांच्या संध्याकाळी पाचबद्दल काय सांगणार? त्यांची एचबीए-वन-सी ७.१ होती, तीन महिन्यांची सरासरी, उत्तम. सरासरीत ५२ दिसत नाही. बऱ्याच पॅकेजमध्ये सत्तर-ऐंशी टेस्ट असतात आणि फेरिटिन नसतं. घरी येऊन घेतलेला नमुना साध्या नळीत तासन्‌तास राहिला तर रक्तपेशी त्यातली साखर खात राहतात आणि रिपोर्टमध्ये खोटी कमी साखर येते, म्हणून साखरेसाठी राखाडी झाकणाची फ्लोराइडची नळी वापरतात की नाही ते बघा. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही मशीनवर टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त येतो, हुबेहूब माझ्या जावेसारखा रिपोर्ट, आजार नसताना. निदान दोन-तीन दिवस आधी त्या बंद करा आणि लॅबला सांगा.

शिवाय नॉर्मल रेंज म्हणजे निरोगी माणसांतल्या मधल्या ९५ टक्क्यांचा आकडा, म्हणजे प्रत्येक टेस्टमध्ये वीसातला एक निरोगी माणूस रेंजबाहेर निघतो. साठ टेस्ट केल्या की सरासरी तीनेक लाल अक्षरात येतात, आणि आधीच घाबरणाऱ्या माणसाच्या हातात ती तीन लाल अक्षरं पडली की काय होतं ते मी रोज बघते. टीएसएच ६ आला आणि टी-फोर नॉर्मल असेल तर तो दोन-तीन महिन्यांनी परत करून बघायचा असतो, ६ ने कुणाला पॅनिक येत नाही.

मी काय करते ते सांगते. आठ-दहा दिवस साधी वही ठेवायला लावते, झटका किती वाजता आला, त्याआधी काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, बसलेले होतात की चालत, आणि नाडी किती होती. झटका नसताना सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडीही रोज. मग सीबीसी, फेरिटिन, टीएसएच, टीएसएच बिघडला असेल तर फ्री टी-फोर, शाकाहारी असेल किंवा मुंग्या येत असतील तर बी-ट्वेल्व्ह, आणि एक ईसीजी. साखर झटक्याच्या वेळी बोटावर. एवढंच. वहीसाठी थांबायचं नाही असे तीन प्रसंग, बेशुद्ध पडणं, छातीत दुखणं, आणि बसल्या जागी दम लागणं.

हे सगळं ठीक आलं, झटके कुठेही, कधीही, कारण नसताना येतात, आणि पुढचा कधी येईल याचीच भीती राहते, तर ते पॅनिक डिसऑर्डर असू शकतं, आणि त्यालाही उपचार आहेत, औषधंही आणि कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीही. आणि मानसोपचाराची गोळी आधीच चालू असेल तर रिपोर्टमध्ये थायरॉईड निघाला म्हणून ती आपल्या मनाने बंद करायची नाही, दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

माझ्या जावेचा टीएसएच जूनमध्ये २.१ आला, झोपेतली नाडी ६८. तरी ती दिवसातून वीस-वीसदा मनगटावर बोटं ठेवून मोजायची आणि बाळाला एकटीने आंघोळ घालायला तयार नव्हती, कारण जानेवारीतली ती भीती खरी होती आणि अंगात मुरली होती. तिला सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं, आठ सेशन झाली. गेल्या आठवड्यात सकाळी मी दवाखान्यात निघाले तेव्हा न्हाणीघराचं दार बंद होतं आणि आतून बाळाच्या पाण्यात हात आपटण्याचा आवाज येत होता, सासूबाई बाहेर अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या.